अक्षर गिचमिड आहे म्हणून बरोबर उत्तराचे मार्क कापायचे?

निपाणीची आई: मुलगा चौथीत, मराठी माध्यम. ३ उलटा काढतो, तो ६ दिसतो. तोंडी विचारलं की सगळं बरोबर सांगतो, पेपरात मात्र काठावर पास. अक्षरापायी मार्क कापणं बरोबर आहे का?

चिकोडीचे गुरुजी: राहवलं नाही म्हणून लिहितोय. आम्ही पाटीवर गिरवून घ्यायचो, वळण बिघडलं की परत लिहायला लावायचो, आणि पोरं सुधारायची. तपासणाऱ्यानं कागदावर आहे तेच बघावं. ६ काढला म्हणजे ६. उद्या चेकवर ३ च्या जागी ६ पडला तर मॅनेजर म्हणणार काय, पोराच्या मनात ३ होता?

खानापूरची बाई: गुरुजी, चौथीतलं पोर चेक लिहीत नाही, गणित सोडवतंय. माझ्यासमोर आलेला एक पेपर सांगते. दुकानात २३ पोती होती, १४ आली, १२ विकली, उरली किती? पोरानं लिहिलेलं: २३ + १४ = ६७, खाली ६७ − १२ = २५. दोन्ही ओळींवर फुली. पण डोक्यात खरंच ६७ असते तर खाली ५५ यायला हवे होते. २५ येतात ते ३७ मधूनच. म्हणजे बेरीज बरोबर, वजाबाकी बरोबर, फक्त ३ फिरलाय. मी पूर्ण मार्क दिले आणि बाजूला शेरा लिहिला: ३ चा सराव घ्या.

चिकोडीचे गुरुजी: आणि खाली ५५ आले असते तर?

खानापूरची बाई: तर पंचाईत. बेरीज चुकली असेल, नाहीतर स्वतःचाच उलटा ३ त्यानं ६ म्हणून वाचला असेल. कागदावरून कळत नाही. वर्गातला पेपर असेल तर पोराला बोलावून तेवढीच बेरीज परत करायला लावायची. वजाबाकी त्याच्या आकड्याप्रमाणं बरोबर असेल तर तिचे मार्क मात्र द्यायचेच.

शहापूरकर: एवढी भानगड कशाला? सगळी परीक्षाच तोंडी घ्या की.

खानापूरची बाई: अर्धं पटलं. वर्गात जमेल. पण दहावीचा पेपर तपासणाऱ्यापुढं पोर नसतं, नुसता नंबर असतो. आणि तोंडी घेताना आपण नकळत हुशार पोराला उत्तर पुरवतो. मी नावं झाकते, सगळ्यांचा पहिला प्रश्न तपासून मग दुसरा घेते. नाहीतर पहिल्या पानावरचं सुंदर अक्षर शेवटच्या पानापर्यंत मार्क ओढत नेतं.

येळ्ळूरकर: ३ आणि ६ चं काय घेऊन बसलाय! आमच्या पोरीचे कन्नडच्या पेपरात मार्क कसे कापतात ते बघा. घरात मराठी, गल्लीत मराठी, आणि एक मात्रा चुकली की अर्धा मार्क गेला. यावर कोण बोलणार?

शहापूरकर: झालं! आता हा धागा सीमाप्रश्नावर जाणार.

येळ्ळूरकर: तुमच्या पोरांना इंग्लिश मीडियमला घातलंय, तुम्हाला काय कळणार ओ?

शहापूरकर: माझी पोरं कुठं शिकतात ते तुम्ही सांगू नका.

खानापूरची बाई: भांडू नका. येळ्ळूरकर, तुमच्या पोरीचं दुखणं निराळं आहे. कन्नडात ए आणि ओ ऱ्हस्वही असतात, दीर्घही. आपल्या कानाला तो फरक लहानपणापासून नसतो, म्हणून मात्रा चुकते. शिवाय कन्नड म आणि व दिसायला जवळजवळ सारखे. ही नव्या भाषेची चूक. मराठीतही अक्षरं फिरत असतील, वाचन अडखळत असेल, तरच डिस्लेक्सियाची, म्हणजे वाचण्या-लिहिण्यातल्या अडचणीची, शंका घ्यायची.

येळ्ळूरकर: शंका नाही, अन्याय आहे. पण म आणि व चं खरं आहे, मीसुद्धा बसच्या पाट्या चुकीच्या वाचतो.

निपाणीची आई: माझ्या प्रश्नाचं काय? चौथीत अजून उलटं काढणं म्हणजे डिस्लेक्सियाच का?

खानापूरची बाई: तेवढ्यावरून नाही, आक्का. पहिली-दुसरीत बरीच पोरं अक्षरं फिरवतात. चौथीत टिकलं असेल तर तपासून घ्या, आणि धडा वाचताना अडतो का तेही बघा. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात हे येतं. दाखला मिळाला तर पुढं जादा वेळ, लेखनिक मागता येतो.

चिकोडीचे गुरुजी: दाखले वाटत सुटा! बरं, त्या पोत्यांच्या गणितात मार्क दिले असते, कबूल. पण मलप्रभेचा उगम 'कणबुंकी' लिहिलं तर? असं गावच नाही.

खानापूरची बाई: परिसर अभ्यासात कणकुंबी समजून पूर्ण मार्क. दुसरं कुठलं गाव त्यातून निघत नाही. शुद्धलेखनात शून्य, कारण तिथं तेच तपासायचं असतं.

चिकोडीचे गुरुजी: मी अर्धा कापणार.

येळ्ळूरकर: आणि कन्नडवाले पूर्ण!