मेडिकलच्या मोठ्या अक्षरांच्या पोस्ट: ज्येष्ठांची सोय की अपमान?

सातरस्ताकर: रोज सकाळी आईच्या फोनवर मेडिकल दुकानाची पोस्ट येते. पानभर ढब्बू अक्षरं, 'औषधे घरपोच', खाली 'तपासणी पॅकेज', बस्स. ज्येष्ठ म्हणजे काय आंधळे आहेत का? ओरडून बोलल्यासारखं वाटतं. जरा लहान अक्षरांत सगळी माहिती नीट दिली तर काय बिघडतं?

नवीपेठ_डीटीपी: हे वाचून राहवलं नाही. मी अशाच पोस्ट बनवते, दोन मेडिकलवाल्यांसाठी. सगळी माहिती एकाच चित्रात कोंबली की काय होतं ते आमच्याच घरात बघितलंय. वडिलांना मोतीबिंदू. पांढऱ्यावर फिकट निळ्या अक्षरांत लिहिलेली पोस्ट त्यांना कोरी दिसली. मोतीबिंदूत भिंग पिवळं पडतं, त्यामुळे निळा रंग आधी मरतो. म्हणून मी पांढऱ्यावर काळंच वापरते.

आणि नुसतं मोठं करून भागत नाही. अक्षर फार जाड केलं तर आतली पोकळी भरते, मग 'ध' आणि 'घ' सारखेच दिसतात, 'भ'चा 'म' होतो. माझी कसोटी साधी आहे. फोनवर पोस्ट उघडायची, हात लांब करायचा, दुपारी बारा वाजता गच्चीत उभं राहून वाचायची. सोलापूरच्या उन्हात जी वाचता आली ती खरी. एका पोस्टमध्ये एकच काम, सहा ओळींच्या आत. घरपोचची वेगळी, तपासणीची वेगळी. फोन नंबर चित्रात असतोच, पण खाली मजकुरातही टाइप करते, म्हणजे बोट लावलं की फोन लागतो. आकडे इंग्रजी, कारण फोनच्या बटणांवर तेच असतात. देवनागरी १ आणि ९ मध्ये गोंधळ होऊन एक आजोबा आठवडाभर भलत्याच घरी फोन करत होते.

सातरस्ताकर: रंगाचं मान्य. पण सहा ओळींत तपासणीची माहिती मावते का? तिथेच तर म्हाताऱ्यांची फसगत होते.

नवीपेठ_डीटीपी: होते. ती चूक माझ्याच हातून झाली. पहिल्या पोस्टमध्ये मी लिहिलं होतं, 'सकाळी उपाशी या'. सासूबाईंनी वाचलं आणि त्यांच्या डोक्यात उपवास आला. सकाळी साबुदाण्याची खिचडी आणि शेंगदाण्याचा लाडू खाऊन त्या तपासणीला गेल्या. रिपोर्टमध्ये उपाशीपोटीची साखर १९६ आली. घरात सगळ्यांच्या पोटात गोळा. एचबीए१सी मात्र ६.८ होतं, म्हणजे गेल्या तीन महिन्यांची सरासरी बरी. डॉक्टरांनी दोन्ही आकडे शेजारी ठेवले आणि एकच विचारलं, 'आजी, सकाळी काय खाल्लं?' चार दिवसांनी परत तपासणी केली तर ११८.

आता मी असं लिहिते:

रात्री ८ ला जेवा.
सकाळी ८ पर्यंत फक्त पाणी.
चहा नको. उपवासाचंही नको.
साखरेची गोळी रक्त दिल्यावर, नाश्त्याबरोबर.

ह्या चार ओळींना अक्षरं मोठीच लागतात.

होटगीरोड_आण्णा: पाणी पण प्यायचं नसतं ताई. मी वीस वर्षं तपासण्या करायलोय, कोरड्या तोंडानं जातो. बीपीची गोळी पण घेत नाही.

लॅबवाली: काका, पाणी प्यायलाच हवं. तहानलेल्या म्हाताऱ्या माणसाची शीर सापडत नाही, मग दोन-दोनदा टोचावं लागतं आणि शिव्या आम्हाला. बीपीची गोळी सहसा घोटभर पाण्याबरोबर घ्यायचीच असते, तुमच्या डॉक्टरांना एकदा विचारून घ्या. साखरेची गोळी मात्र घरून घेऊन रिकाम्या पोटी येऊ नका. आमच्याकडे एक आजी गोळी घेऊन आल्या, गर्दीमुळे दहापर्यंत बसल्या, घामानं भिजल्या, हात थरथरायला लागले. साखर ५४. ग्लुकोज पाजलं म्हणून बरं.

होटगीरोड_आण्णा: वीस वर्षं कुणी सांगितलं नाही मग. पाण्याचं ऐकतो. गोळीचं डॉक्टरलाच विचारतो, तुमच्यावर नाही सोडत.

पूर्वभाग_सूनबाई: हे दुकान विडी घरकुलला येतं का? सासऱ्यांचं इन्सुलिन मागवायचंय. आणि सासूबाईंना तेलुगूच वाचता येतं, मराठी पोस्ट कितीही मोठी केली तरी काय उपयोग?

नवीपेठ_डीटीपी: इथे दुकानाची जाहिरात नको, म्हणून नाव देत नाही. तेलुगूचं मात्र खरंय. पोस्टखाली बोलून पाठवायचा आवाज जोडता येईल, ते मी आजवर केलं नाही.

अशोकचौक_मेडिकल: इन्सुलिन कुठूनही मागवा, पण डिलिव्हरीचा पोरगा बर्फाच्या पिशवीत आणतो का, ते विचारा. न उघडलेलं २ ते ८ अंशांत राहिलं पाहिजे. आपल्याकडे मे महिन्यात स्कूटरच्या तापलेल्या डिकीत ठेवलं तर खराब होऊ शकतं. बर्फाला चिकटून गोठलं तरी वाया. आणि डॉक्टरांची चिठ्ठी लागतेच. लोक गोळ्यांच्या कापलेल्या पट्टीचा फोटो पाठवतात, त्यावर ना नाव उरलेलं असतं, ना गोळी २५ ची की ५० ची ते कळतं. पोस्टमध्ये 'चिठ्ठीचा फोटो पाठवा' हे सगळ्यात मोठं पाहिजे.

निवृत्त_मास्तर: अक्षरांचं बाजूला ठेवा. 'फक्त इतक्या रुपयांत ७२ चाचण्या' ही सरळ लूट आहे. माझ्या हातात बारा पानांचा रिपोर्ट दिला. दोन आकडे लाल होते म्हणून मी तीन रात्री झोपलो नाही. डॉक्टर म्हणाले, याला काही करायचं नाही.

लॅबवाली: लूट म्हणू नका, मास्तर. आम्ही पहाटे सहाला घरी येऊन रक्त घेतो.

निवृत्त_मास्तर: मग ७२ कुठून आल्या? रक्ताची बाटली तर दोनच होती!

लॅबवाली: तुमचं निम्मं बरोबर आहे. सीबीसी ही एक चाचणी, पण तिच्यातले वीसेक आकडे वेगवेगळे मोजले जातात. लिव्हरचे दहा-बारा, कोलेस्टेरॉलचे सात-आठ. आकडा असा फुगतो. आमच्या मालकांना मी हे बोलले आहे.

निवृत्त_मास्तर: मग हेच मोठ्या अक्षरांत लिहा ना! त्याला कुणी अडवलंय?

अशोकचौक_मेडिकल: मास्तर, आवाज खाली. गिऱ्हाईकच आकडा बघून येतं, ३० लिहिलं तर शेजारच्या ७२ वाल्याकडे जातं.

निवृत्त_मास्तर: म्हणजे चूक गिऱ्हाईकाची? मुलं पुण्यात, इथे एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यानं कुणाला विचारायचं?

लॅबवाली: मधुमेह असेल तर डॉक्टरांना पाचच गोष्टी विचारा: उपाशीपोटी आणि जेवणानंतर दोन तासांची साखर, एचबीए१सी, क्रिएटिनिन, लघवीतलं अल्ब्युमिन आणि कोलेस्टेरॉल. लघवीची तपासणी कित्येक पॅकेजमध्ये नसतेच, आणि किडनीला त्रास सुरू झाला की आधी तिथेच कळतं.

सातरस्ताकर: काल रात्री आईच्या फोनवरची पोस्ट परत बघितली. लघवीचं नाव नाही. '७२' मात्र लाल रंगात, सगळ्यात मोठं. अक्षरं मोठी असावीत हे मानतो, पण ती ७२ वर खर्च करू नयेत, यावर मी ठाम आहे.

नवीपेठ_डीटीपी: माझ्या पुढच्या पोस्टमधला ७२ मी काढते. मालक ऐकतील का, ते सोमवारी कळेल.