प्रतिसाद: एका प्रश्नाला एकच ओळ पुरत नाही

«निविदा भरण्याआधीच्या प्री-बिड बैठकीचे प्रश्न आणि उत्तरं एक्सेलमध्ये ओळीने लिहून ठेवली, तर पुरेसं नाही का?»

नाही. ओळ प्रश्नाची नको, कलमाची हवी. नाशिकमधल्या एका जलवाहिनीच्या निविदेत मी हे चुकवलं होतं. कलम ३२ मध्ये दोषदायित्व कालावधी २४ महिने, परिशिष्टात ३६. आम्ही विचारलं, उत्तर आलं, ‘३६ महिने ग्राह्य’. मी ते कलम ३२ समोर लिहिलं आणि ‘निकाली’ असा शेरा मारला. पण सुरक्षा अनामत परत मिळणं याच कालावधीला बांधलेलं होतं, आणि ते कलम १७ मध्ये होतं. तिथे नोंद नसल्याने आमच्या माणसाने बँक गॅरंटीचं कमिशन २४ महिन्यांचंच धरलं. दर भरायच्या आदल्या रात्री हे लक्षात आलं.

आता उत्तर हाती आलं की बदललेला शब्द, इथे ‘दोषदायित्व’, अख्ख्या निविदेत शोधते. जितकी कलमं सापडतील तितक्या ओळी, सगळ्यांना प्रश्न क्रमांक एकच. उत्तर जसंच्या तसं उतरवते, शेजारी सीएसडीचा, म्हणजे प्री-बिडनंतर निघणाऱ्या लेखी उत्तरांच्या पत्रकाचा, अनुक्रमांक आणि तारीख. बैठकीत कुणी तोंडी सांगितलेलं ‘तोंडी’ म्हणूनच राहतं. पोर्टलवर येईपर्यंत त्यावर दर धरत नाही.

आणि ‘निविदेतील अटीप्रमाणे’ असं उत्तर आलं, पण दोन कलमंच एकमेकांशी भांडत असतील, तर ती ओळ उघडीच ठेवा. दोन्ही कलमांचे क्रमांक आणि पानं देऊन मुदतीच्या आत पुन्हा लेखी विचारा.