मदत हवी आहे: अल्फा कण थोडे थोडे वळत परत नाही का फिरणार?

धागाकर्ती: घाईत_आहे
उद्या सेमिनार आहे. सोन्याच्या पत्र्याच्या प्रयोगात काही अल्फा कण मागे फिरले, म्हणून थॉमसनचं पुडिंग मॉडेल बाद, असं सगळीकडे लिहिलंय. पण सरांनी विचारलं की पत्र्यात अणू खूप, प्रत्येकाने थोडं थोडं वळवलं तर? मी गप्प. लवकर सांगा.

गवती_चहा
पत्रा किती जाड? किती अंश वळले? काहीच दिलं नाहीस.

घाईत_आहे
पुस्तकात नुसतं 'पातळ' लिहिलंय.

शाळामास्तर
इलेक्ट्रॉन फिरताना ऊर्जा गमावून केंद्रकात पडायला हवेत, ते बोहरने सोडवलं. तेच लिही.

गवती_चहा
मास्तर, तो पुढचा प्रश्न.
रदरफोर्डच्या 1911 च्या निबंधात पत्रा 0.00004 सेंमी, म्हणजे अणूंचे साधारण दीड हजार थर. पुडिंगमध्ये धनभार अणूभर पसरलेला, म्हणून एका अणूचा धक्का अंशाच्या पन्नासाव्या भागाएवढा धर. पण धक्के एकाच दिशेने बसत नाहीत. झिंगलेल्या माणसाच्या पावलांसारखं, बेरीज वर्गमूळाने वाढते. दीड हजारचं वर्गमूळ 39, म्हणजे एकूण पाऊण अंश. गायगरला बहुतेक कण एक अंशाच्या आतबाहेरच वळलेले दिसले. इथवर पुडिंग चालतं! पण 90 अंश म्हणजे त्याच्या शंभरपट, योगायोगाने जवळजवळ अशक्य. तरी 20,000 पैकी साधारण 1 कण तेवढा वळला. तो एकाच धक्क्याने वळला असणार, आणि तेवढा जोर यायला धनभार एका बिंदूत दाटलेला हवा.

वर्खवाला
आमच्याकडे मिठाईचा वर्ख असतो, त्यावर घरी करता येईल का?

गवती_चहा
अल्फाचा उगम कुठून आणणार?

नाना_पुणेकर
सोपं आहे. कण धन केंद्रकावर आदळून उडाला, चेंडू भिंतीवर आपटतो तसा.

गवती_चहा
नाना, आदळत नाही. समोरासमोर आलेला कणही सोन्याच्या केंद्रकाच्या त्रिज्येच्या चौपट अंतरावरूनच फिरतो, नुसत्या प्रतिकर्षणाने. शिवाय भार धन की ऋण हे रदरफोर्डने 1911 मध्ये ठरवलंच नव्हतं, गणित दोन्हीकडे सारखंच येतं.

नाना_पुणेकर
ऋण असता तर कण ओढला जाऊन चिकटला असता!

गवती_चहा
धूमकेतू सूर्याला चिकटतो का? वळसा घालून निघतो.

नाना_पुणेकर
धूमकेतूचं उदाहरण पटलं नाही.

घाईत_आहे
भांडू नका. सर म्हणाले, पत्रा जाड केला तर?

गवती_चहा
छान पकडलंय सरांनी. 1913 मध्ये गायगर-मार्सडेननी जाडी बदलून पाहिलं. एकाच धक्क्याने वळणं असेल तर दुप्पट जाडीला दुप्पट कण वळायला हवेत. तसेच वळले. अंधारात बसून जस्त सल्फाइडच्या पडद्यावरच्या ठिणग्या सूक्ष्मदर्शकातून एकेक मोजायच्या, असं काम होतं ते.

घाईत_आहे
दुप्पटचं लिहिते. पण ते 39 सरांनी विचारलं तर?

शाळामास्तर
बोहर सांग.