कडव्यागणिक दृश्य कसं बांधायचं

"कवितेच्या गाण्याचा व्हिडिओ करायचाय, कवितेत पाऊस, खिडकी, पत्र सगळं आहे, मग ओळीत जे येतं तेच दाखवायचं का?"

नको, तसं केलं की चित्र नुसतं शब्दांच्या मागे धावतं. एकच वस्तू धरा नि तिची अवस्था बदलत न्या. समजा खिडकी घेतली, तर पहिल्या कडव्यात ती उघडी, पडदा हलतोय, दुसऱ्यात बंद, काचेवर वाफ नि बोटाने ओढलेली एक रेघ, आणि तिसऱ्यात पत्राची ओळ येते तेव्हा पत्र दाखवूच नका, फक्त ती रेघ हाताने पुसली जाते. ध्रुवपदाला दर वेळी कॅमेरा त्याच जागी ठेवा, बदल लगेच कळतो. २५ सेकंदांच्या कडव्याला पाचेक शॉट बास, मी एकदा बारा लिहिले नि एडिटमधे रेघ कुणाला दिसलीच नाही.