रजा दिवसात नाही, रुपयात मोजा

> "आमच्या पतसंस्थेच्या शिपाईभाऊंच्या बायकोचे नागपूरले रेडिएशनचे शेक सुरू आहेत. आपल्या रजा त्याईले देता येतील का?"

सरकारी नोकरीत तशी सोय नाही. पतसंस्थेत मात्र संचालक मंडळाच्या ठरावानं जमू शकते जी. शेक सहसा सोमवार ते शुक्रवार असतात, म्हणजे हप्त्याला पाच रजा गेल्याच.

ठरावात दिवसाची किंमत लिहून घ्या. समजा मॅनेजरचा दिवस 1500 रुपयांचा आणि भाऊंचा 500 चा. दिवसाला दिवस धरला तर फायदा संस्थेचा. रुपयांत धरला तर त्याच एका रजेत भाऊंचे तीन दिवस निघतात.

रजा वापरल्या तशाच कापा, उरलेल्या देणाऱ्याच्या खात्यात परत. अर्ज बंद लिफाफ्यात फक्त लेखापालाकडं द्या, नाहीतर कोणी किती दिल्या याच्या गोष्टी पानठेल्यावर होतात बाप्पा!