मदत हवी आहे: प्रमाण विचलन ४.७४ बरोबर की ४.२४?

मी ठाण्याहून वाशीला ऑफिसला जाते. घरापासून ऑफिसच्या दारापर्यंत लागलेली पाच दिवसांची मिनिटं लिहून ठेवली: ४२, ४५, ३९, ५१, ४८. शीटमध्ये `STDEV.S` ने ४.७४ आलं, पायथॉनमध्ये `np.std` ने ४.२४. आकडे तेच, मग फरक का?

हाताने करून पाहिलं. सरासरी ४५, फरकांच्या वर्गांची बेरीज ९०. ९० ला ५ ने भागलं तर वर्गमूळ ४.२४, ४ ने भागलं तर ४.७४. म्हणजे नमपाय काही न सांगता n ने भागतं. हे लिहिल्यावर दोन्ही जुळले:

```
np.std(x, ddof=1)
```

पण उत्तरं जुळली म्हणून मला हवं तेच मिळालं, असं होत नाही ना? मला या पाच दिवसांपुरता फैलाव नकोय, एरवीच्या सगळ्या कामाच्या दिवसांचा अंदाज हवाय. सरासरी याच पाच आकड्यांतून काढल्यामुळे फरक थोडे कमीच दिसतात, म्हणून n-1, असं मी समजले. बरोबर आहे का?

खरी अडचण पुढे आहे. हे पाचही दिवस एकाच आठवड्यातले, तेही पावसाळ्यातले. n-1 ने ही उणीव भरून निघत नाही असं मला वाटतं. वेगवेगळ्या आठवड्यांतले दिवस घेऊ का?