गुरुजींचा चेक परत आला (आपली सोसायटी, औसा रोड, लातूर)

सचिव (अ-२०२): नमस्कार. ब-३०४ गुरुजींचा मेंटेनन्सचा १४,४०० चा चेक परत आलाय. बँकेच्या मेमोवर कोड १२ आहे, म्हणजे सही जुळत नाही. सोसायटीच्या खात्यातून ११८ रुपये कटले.

गुरुजी (ब-३०४): आओ, खात्यात ऐंशी हजाराच्या वर शिल्लक आहे! अन् सही मीच केलीय की, दुसऱ्या कोणी नाही.

ड-४०३: गुरुजी, आता पोलीस येणार 😀

गुरुजी (ब-३०४): गप रे.

काका (क-१०१): मी ३१ वर्षं बँकेत काढली म्हणून सांगतो. गुरुजी, खातं कधीचं?

गुरुजी (ब-३०४): १९९४. औशाला शाळेवर होतो तेव्हाचं.

काका (क-१०१): मग कारण तिथंच आहे. तेव्हा तुम्ही कार्डावर पूर्ण नाव लिहून, खाली रेघ मारून सही केली असेल. पुढे कॉम्प्युटर आला तेव्हा तेच कार्ड स्कॅन करून चढवलं. आता तुम्ही दोन अक्षरं अन् एक फटकारा करता. समोरच्याला स्क्रीनवर शेजारी शेजारी दोन वेगळ्या माणसांच्या सह्या दिसतात.

सचिव (अ-२०२): पण काका, गेल्या वर्षी ह्याच सहीचा चेक पास झाला होता. आत्ताच कामून अडला?

काका (क-१०१): सही मशीन नाही, माणूस बघतो. एकाला चालते, दुसऱ्याला खटकते. पूर्वी औशाच्या शाखेत गुरुजींना ओळखणारा कोणी तरी होता, फोन करून विचारायचा. आता चेक जागचा हलत नाही, फक्त त्याचा फोटो जातो, आणि बऱ्याच बँकांत तो शाखेत नाही तर लांबच्या केंद्रात बघतात. त्यात ४ ऑक्टोबर २०२५ पासून दिवसाच्या ठरलेल्या वेळेत आलेल्या चेकवर त्याच दिवशी संध्याकाळी ७ पर्यंत होय-नाही सांगावं लागतं. फोन करायला कोणाला सवड आहे?

ताई (अ-१०४): मोठ्या चेकची माहिती आपण ॲपवर आधी भरतो ना, त्यानं भागत नाही का?

काका (क-१०१): नाही ताई. त्यात तारीख, रक्कम अन् नाव ताडून बघतात. सही वेगळी तपासतात.

गुरुजी (ब-३०४): मग मी जुनी सही आठवून नवा चेक देतो. हाय काय त्यात.

काका (क-१०१): ते करू नका. आठवून काढलेली सही चित्रासारखी दिसते. पेन मधेच उचललेला कळतो, रेघ थरथरते. तपासणाऱ्याला नेमका तोच संशय येतो. औशाला जाऊन नमुना सहीच बदलून या.

गुरुजी (ब-३०४): लातूरच्या शाखेत होत नाही का?

काका (क-१०१): काही बँका करतात, पण जुनं कार्ड खात्याच्या मूळ शाखेतच असतं. वीस किलोमीटरचा तर प्रश्न. पासबुक, आधार, पॅन मूळ अन् झेरॉक्स, दोन फोटो घ्या. अर्जावर जमेल तशी जुनी सही एकदा अन् नवी दोन-तीनदा, सगळं अधिकाऱ्यासमोर. घरून सही करून नेऊ नका. जुनी जमलीच नाही तर तसं सांगा, ते ओळखपत्र अन् फोटोवरून खात्री करतात. खात्यात बाईंचंही नाव असेल तर त्यांनाही न्या. पोच मागून घ्या. एक जण स्कॅन करून भरतो अन् दुसरा मंजूर करतो, तोवर सिस्टीममध्ये जुनीच सही राहते. म्हणून लगेच चेक फाडू नका.

ड-४०३: काका, पोलिसांचं मी गंमतीनं म्हणलं होतं. खरंच काही होतं का हो?

काका (क-१०१): अगदीच गंमत नाही. सही जुळली नाही म्हणून परत आलेला चेकही चेक न वटण्याच्या गुन्ह्याच्या कलम १३८ मध्ये येऊ शकतो, असं सुप्रीम कोर्टानं २०१२ मध्ये म्हटलंय. पण आधी लेखी नोटीस यावी लागते अन् ती मिळाल्यावर १५ दिवसांत पैसे दिले की विषय मिटतो. सोसायटी काय गुरुजींना नोटीस देणार आहे का!

सचिव (अ-२०२): अजिबात नाही. गुरुजी, सध्या ऑनलाइन टाका.

गुरुजी (ब-३०४): नातवाकडून टाकलेत आत्ता. ११८ सुद्धा.

(तीन दिवसांनी)

गुरुजी (ब-३०४): झालं बरं का काम. साहेबानं जुनं कार्ड काढून दाखवलं. काय झकास अक्षर होतं माझं!

काका (क-१०१): छान. आता एक सांगा, पुढच्या तारखेचे चेक कोणाला दिलेत का?

गुरुजी (ब-३०४): नातवाच्या क्लासला दोन. त्यांनी बजावलं होतं की बँकेतल्यासारखीच सही करा, म्हणून त्यावर लांबलचक जुनी सही केली होती.

काका (क-१०१): मग ते दोन्ही आता परत येणार. उद्याच क्लासला जाऊन बदलून द्या.

गुरुजी (ब-३०४): अरे देवा. चेकबुक कुठं ठेवलंय ते बघतो.